कटिंगचा ग्लास चोवीस चौकोनांत

कॉलेज फेस्टचं अ‍ॅप असो, कॅन्टीनचं मेन्यूकार्ड असो की एखाद्या प्रोजेक्टसाठी बनवलेला परिसराचा नकाशा, आयकॉन लागतातच. मग आपण नेटवर 'चहा' शोधतो आणि समोर येतो कान असलेला कप, खाली बशी. 'डबा' शोधला तर परदेशी शाळकरी मुलांची कडीवाली पेटी. रिक्षाचंच बघा, फोनच्या इमोजींमध्ये ती यायला २०१९ साल उजाडलं. ठाण्यातल्या खोपट एसटी स्टँडच्या आसपासचा नकाशा बनवायला घेतलात, तर तिथे रोज हाताळल्या जाणाऱ्या निम्म्याअधिक वस्तू तुम्हाला तयार सेटमध्ये सापडणार नाहीत. टपरीच्या जागी कॉफीचा मग टाकून काम भागवता येतं. पण नकाशा बघणारा माणूस टपरी सोडून कॅफे शोधत बसेल.

म्हणून या वेळी स्वतःचा सेट बनवूया. खोपटच्या स्टँडवर आणि आजूबाजूला दिसणाऱ्या वस्तूंचे फोटो काढायचे आणि त्यांवरून साध्या रेषांचे आयकॉन तयार करायचे. रेषांचे म्हणजे आत रंग न भरलेले, फक्त एकाच जाडीच्या रेषेने काढलेले. ऐकायला सोपं वाटतं. पण पाच मित्रांनी पाच वस्तू छान काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या, की त्या एका घरातल्या वाटत नाहीत. एकाची रेष जाड, दुसऱ्याचे कोपरे टोकदार, तिसऱ्याचा आयकॉन वरून बघितल्यासारखा. सेट होतो तो नियमांमुळे, आणि ते नियम पहिली रेष मारायच्या आधी ठरलेले असावे लागतात.

आधी नियम लिहून काढा

नियम शून्यातून शोधायची गरज नाही. 'फेदर' नावाचा मोफत आयकॉन सेट डिझायनर मंडळींना ठाऊक असतो. त्यातूनच पुढे 'लुसिड' नावाचा सेट वाढला आणि त्यात आज हजाराहून अधिक आयकॉन आहेत. जगभरातले वेगवेगळे लोक त्यात भर घालतात, तरी सगळे एकाच हाताचे वाटतात, कारण लुसिडने आपले नियम उघड लिहून ठेवलेत. आपण तेच वापरू.

कॅनव्हास २४ बाय २४ पिक्सेलचा. चारही बाजूंनी किमान १ पिक्सेल जागा रिकामी. रेषेची जाडी कायम २ पिक्सेल. रेषेची टोकं आणि जोड गोल. दोन वेगळ्या भागांमध्ये किमान २ पिक्सेल अंतर. आणि कोपऱ्यांचा नियम असा, की आकार ८ पिक्सेल किंवा त्याहून मोठा असेल तर कोपऱ्याची त्रिज्या २, त्याहून लहान असेल तर १.

यात आपला एक नियम वाढवा : प्रत्येक वस्तू सरळ समोरून किंवा सरळ बाजूने दाखवायची, तिरकी कधीच नाही. ग्लास समोरून, रिक्षा बाजूने चालेल. पण ग्लासचं तोंड लंबगोल दिसलं, की तो सेटमधून बाहेर.

या सगळ्यांत अंतराचा नियम सगळ्यात कडक. रेष २ पिक्सेलची आणि मोकळी जागाही २ पिक्सेलची, म्हणजे प्रत्येक जास्तीच्या रेषेला ४ पिक्सेल मोजावे लागतात. २४ पिक्सेलच्या घरात हे भाडं फार महाग आहे. फोटोतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे बहुतेक वेळा हाच हिशेब ठरवतो.

फोटो मापासाठी, सौंदर्यासाठी नाही

टपरीवाल्या काकांना विचारून रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवा. फोन ग्लासच्या मध्याच्या उंचीवर आणा, म्हणजे तुम्हाला वाकावं लागेल. मग दोन-तीन पावलं मागे जा आणि झूम करा. जवळून काढलेला फोटो इथे घात करतो. फोन वरच्या बाजूला आणि जवळ असेल तर ग्लासचं तोंड तळापेक्षा लेन्सच्या जवळ येतं, ते आहे त्याहून मोठं दिसतं आणि ग्लास फनेलसारखा निमुळता होतो. फोटोत तोंडाचा लंबगोल जवळजवळ सपाट रेषेसारखा दिसायला लागला, की फोन बरोबर उंचीवर आहे असं समजा.

आता फोटोवर मापं घ्या. समजा तुमच्या फोटोत तोंडाची रुंदी ६०० पिक्सेल, तळाची ४०० आणि उंची ७०० आली. प्रत्येक आकड्याला ५०ने भागलं की १२, ८ आणि १४ मिळतात. हा झाला आपल्या ग्लासचा सांगाडा. भागाकार असा नेमका येणार नाही, ७.६ येईल, १३.७ येईल. तेव्हा जवळच्या पूर्णांकावर या. ग्लास थोडा बुटका झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. रेष अर्ध्या पिक्सेलवर बसली तर मात्र येतं.

ते का? रेष २ पिक्सेल जाड आहे आणि तिचा मध्य ६व्या आकड्यावर आहे, तर ती ५पासून ७पर्यंत पसरते आणि दोन पूर्ण पिक्सेल काळे होतात. मध्य ६.५वर ठेवलात तर ती ५.५पासून ७.५पर्यंत जाते. मधला एक पिक्सेल पूर्ण काळा आणि दोन्ही कडांचे अर्धे-अर्धे, म्हणजे राखाडी. तुमच्या फोनच्या दाट स्क्रीनवर हा फरक जाणवणार नाही. पण कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मॉनिटरवर किंवा प्रोजेक्टरवर तीच रेष ओल्या शाईसारखी पसरलेली दिसते.

इथे 'ट्रेस'चं बटण दाबू नका

इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात फोटोवरून आपोआप रेखाटन करून देणारा `Trace Bitmap` हा पर्याय आहे. मोह होणारच. पण त्यातून साधारणपणे जे मिळतं ती रेष नसते. तो रेषेसारखा दिसणारा भरीव आकार असतो. त्याला बाहेरची कड वेगळी आणि आतली कड वेगळी असते, वर शेकडो बिंदू. त्याला जाडी हा गुणच नसतो, त्यामुळे 'सगळ्या रेषा २ पिक्सेलच्या करा' असं त्याला सांगता येत नाही. फोटो खालच्या लेयरवर ठेवा, फिका करा, लॉक करा आणि वरच्या लेयरवर पेन टूलने मोजक्या बिंदूंत रेषा काढा. ग्लासला चार मुख्य बिंदू पुरतात.

पहिला ग्लास कचऱ्यात

कटिंगच्या ग्लासची ओळख काय? विचारलं तर बहुतेक जण सांगतील, त्याच्या अंगावरच्या उभ्या धारा. म्हणून पहिल्या प्रयत्नात आपण निमुळता ग्लास काढतो, वर तोंडाची आडवी रेष देतो आणि धारा काढायला जातो. इथे भाड्याचा हिशेब आडवा येतो. तळाची रुंदी ८, त्यातून दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आतल्या कडा वजा केल्या की मोकळी जागा उरते ६ पिक्सेल. दोन धारांना लागतात १० : अंतर, धार, अंतर, धार, अंतर, प्रत्येकी २. म्हणजे जागा फक्त एका धारेला आहे. २ अंतर, २ धार, २ अंतर, बरोबर ६.

एक धार बसते, नियम मोडत नाही, आयकॉन नीटनेटका दिसतो. आता तो मित्राला दाखवा आणि 'हे काय?' एवढंच विचारा. उत्तर येण्याची दाट शक्यता आहे : 'डिलीट.'

कारण निमुळतं भांडं, वर आडवी रेष आणि आत उभी रेघ, हे चित्र आपण रोज फोनवर कचरापेटी म्हणून बघतो. फोटोत ग्लास आणि कचरापेटीत कुणाचाच गोंधळ होणार नाही. काच चमकते, धारांवर उजेड खेळतो, आत चहाचा रंग असतो. रेषेच्या आयकॉनमध्ये चमक नाही, रंग नाही, पोत नाही. उरते फक्त बाह्यरेषा, आणि ती दुसऱ्याच वस्तूची निघते. वस्तूची आपल्या डोक्यात असलेली खूण आणि रेषेत टिकणारी खूण वेगवेगळ्या असू शकतात, आणि फोटो बघत काढताना हे कळत नाही.

म्हणून धारा काढून टाका. वरची आडवी रेषही काढा, ग्लासचं तोंड उघडं ठेवा. झाकण गेलं की कचरापेटी गेली. आत थोडं खाली चहाच्या पातळीची एक आडवी रेष द्या, म्हणजे भांड्यात काहीतरी ओतलेलं आहे हे कळतं. आता तो ग्लास झाला, पण पाण्याचा. चहा म्हणायला वाफ लागेल. फोटोत ती बहुधा दिसणारही नाही, तरी घ्या, कारण कपाच्या आयकॉनवर वाफेच्या दोन रेघा म्हणजे गरम पेय ही खूण लोकांच्या ओळखीची आहे. कटिंगचा ग्लास मुळातच बुटका, त्यामुळे वर वाफेला जागा आयतीच उरते.

आकडे असे बसतात. वाफेच्या दोन उभ्या रेघा १० आणि १४वर. एकीची उजवी कड ११वर आणि दुसरीची डावी कड १३वर येते, मध्ये २ पिक्सेल मोकळे. वाफ २ ते ४ उंचीवर. गोल टोकामुळे ती प्रत्यक्षात ५पर्यंत उतरते. ग्लासची बाजू ८पासून सुरू होते, तिचं गोल टोक ७पर्यंत चढतं. पुन्हा मध्ये बरोबर २. तळ २२वर, म्हणजे रेषेची बाहेरची कड २३वर आणि खाली १ पिक्सेल रिकामा. तळाच्या कोपऱ्यांना त्रिज्या २. पूर्ण आयकॉन एवढाच आहे :

```svg
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
  width="24" height="24" viewBox="0 0 24 24"
  fill="none" stroke="currentColor" stroke-width="2"
  stroke-linecap="round" stroke-linejoin="round">
  <path d="M10 2v2"/>
  <path d="M14 2v2"/>
  <path d="M6 8L7.75 20.28A2 2 0 0 0 9.73 22H14.27A2 2 0 0 0 16.25 20.28L18 8"/>
  <path d="M6.57 12H17.43"/>
</svg>
```

हा मजकूर नोटपॅडमध्ये टाइप करा, `cutting.svg` या नावाने सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा, ग्लास दिसेल. यात 7.75, 20.28 असे अपूर्णांक आहेत. ते तिरक्या बाजूला गोल कोपरा जिथे टेकतो तिथले आहेत आणि तिथे चालतात, कारण तिरकी रेष पिक्सेलच्या जाळीवर तशीही बसत नाही. पूर्णांकाचा हट्ट आडव्या आणि उभ्या रेषांसाठी धरायचा.

डबा : कुलूप की सर्व्हर?

आता दुसरी वस्तू, ऑफिसला निघालेल्या माणसाच्या हातातला तीन पुडांचा स्टीलचा डबा. इथे चूक वेगळ्या जागी होते. आपण तीन आयत काढतो आणि एकावर एक रचतो. प्रत्येक आयताची रेष २ पिक्सेलची आहे, पण जिथे वरच्या पुडाचा तळ आणि खालच्या पुडाची वरची कड टेकतात तिथे दोन रेषा शेजारी येऊन ४ पिक्सेलचा काळा पट्टा तयार होतो. फाइलमध्ये जाडी २च लिहिलेली असते, डोळ्याला दिसते ४. म्हणून सामाईक कड एकदाच काढायची. बाहेर एकच मोठा आयत, डावी-उजवी बाजू ६ आणि १८वर, उंची ७पासून २२पर्यंत, कोपऱ्याची त्रिज्या २. आत १२ आणि १७वर दोन आडव्या रेषा. १५ उंचीचे पाच-पाचचे तीन सारखे पूड होतात आणि प्रत्येकात ३ पिक्सेल मोकळी जागा राहते.

डब्याचं नशीब मजेशीर आहे. आतल्या दोन रेषा काढून फक्त आयत आणि वर कडी ठेवलीत, तर ते कुलूप. कडी काढून फक्त थर ठेवलेत, तर कॉम्प्युटरवाल्यांचा सर्व्हर. दोन्ही एकत्र असले तरच डबा. म्हणजे या आयकॉनमध्ये कडी आणि थर या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. बाजूची चिमट्याची पट्टी, झाकणाचा फुगवटा, घासून पडलेले ओरखडे, हे सगळं सोडलं तरी काही बिघडत नाही. प्रत्येक वस्तूसाठी हा प्रश्न कागदावर लिहा : काय काढलं तर ही दुसरीच वस्तू होते? उत्तरात जे येईल तेवढंच ठेवा.

चार पुडांचा डबा काढता येईल का? जागा आहे. आयत ६पासून २२पर्यंत घेतला तर उंची १६, चार-चारचे पूड आणि मध्ये बरोबर २ पिक्सेल. नियमात बसतं. पण ग्लासशेजारी ठेवून बघा. ग्लास मोकळा, उजेडाचा दिसतो आणि डबा काळपट ठिपक्यासारखा. रेषेची जाडी एकच आहे, पण एकाच जागेत रेषा जास्त झाल्याने डब्याचं वजन वाढलं. हे ओळखायची सोपी रीत म्हणजे सगळे आयकॉन एका ओळीत लावायचे आणि डोळे बारीक करून बघायचं. तपशील पुसले जातात आणि फक्त काळेपणा उरतो. जो आयकॉन ओळीतून उडी मारून पुढे येतो, त्यातल्या रेषा कमी करायच्या. जाडी कमी करून वजन घटवायचा मोह टाळा, कारण मग सेटच मोडतो.

आकाराचंही असंच. चौकोन आणि वर्तुळ एकाच मापाचे काढले तर चौकोन मोठा दिसतो, कारण त्याचे कोपरे जास्त जागा भरतात. म्हणून गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या नियमांत २४च्या कॅनव्हासवर वर्तुळ २०चं आणि चौकोन १८चा असतो. स्टँडवरचं गोल घड्याळ आणि चौकोनी सूचनाफलक काढताना हे लक्षात ठेवा.

सेठींच्या पेन्सिलीतली कपबशी

रोजच्या वस्तूंचं चित्र काढून ते लाखो लोकांना ओळखायला लावण्याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रयोग कुठल्या डिझाइन स्टुडिओत झालेला नाही. तो निवडणूक आयोगात झाला. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून उमेदवाराच्या नावाबरोबर चिन्ह आलं. पुढे आयोगातले रेखाटनकार एम. एस. सेठी यांनी अशी कितीतरी चिन्हं पेन्सिलने काढली. ते १९९२मध्ये निवृत्त झाले, पण त्यांची अनेक चित्रं त्यानंतरही वापरात राहिली. कपबशी, शिलाई मशीन, गॅस सिलिंडर ही चिन्हं तुम्ही आपल्याकडच्या निवडणुकांत भिंतींवर बघितली असतीलच.

ती चित्रं आयकॉन सेट मात्र नाहीत. एखादं तिरक्या कोनातून, एखादं समोरून, कुठे छाया, कुठे बारीक रेघा. ते बरोबरच आहे, कारण तिथे गरज उलटी होती. मतपत्रिकेवर एक चिन्ह दुसऱ्यापासून शक्य तितकं वेगळं दिसायला हवं. आपल्या नकाशावर सगळी चिन्हं एका आवाजात बोलायला हवीत आणि तरीही वेगळी ओळखू यायला हवीत. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी ओटल आयशर यांच्या चमूने खेळांची चिन्हं काढली तेव्हा आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषांच्या जाळीत सगळे खेळाडू बसवले. त्यामुळे धावणारा आणि पोहणारा एकाच कुटुंबातले वाटतात. पण सेठींकडून एक गोष्ट जशीच्या तशी घ्यावी, ती म्हणजे वस्तूची निवड. बघणाऱ्याच्या घरात आहे तीच वस्तू.

जिथे रेष हरते

काही वस्तू या पद्धतीत बसतच नाहीत. वडापाव घ्या. बाजूने बघितला तर वर पाव, खाली पाव, मध्ये जाडसर थर. रेषेत तो बर्गर आहे. खरा फरक वड्याच्या खडबडीत पोतात, पिवळ्या रंगात आणि चटणीच्या लालीत आहे, आणि ते तिन्ही आपण आधीच सोडलेत. शेजारी मिरची काढली तर थोडी मदत होते, पण मिरचीला स्वतःची जागा लागते आणि वडापाव आणखी लहान होतो. एसटीचंही तेच. लालपरीचा लाल रंग गेला की उरते कुठलीही बस.

अशा वेळी दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. आयकॉनखाली शब्द लिहा, किंवा ती वस्तू सोडून तिच्याशी जोडलेली दुसरी निवडा. वडापावच्या गाडीसाठी कढई आणि झारा चालतो का, ते काढून बघा. फक्त एका आयकॉनपुरता रंग भरणं किंवा रेष बारीक करून तपशील कोंबणं, हा मार्ग नाही.

द्यायच्या आधी तीन तपासण्या

पहिली तपासणी फाइलची. मोठ्या मापात काढून शेवटी लहान केलं, तर सॉफ्टवेअर रेषेची जाडीही त्याच प्रमाणात घटवू शकतं आणि २चं १.६ होतं. इंकस्केपमध्ये यासाठी सेटिंग असतं, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक `.svg` फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि `stroke-width` शोधा. सगळीकडे २च हवं. मग `transform` शोधा. तिथे `scale(0.8)` असं काही लपलेलं असेल, तर जाडी २ लिहिलेली असूनही दिसताना १.६च दिसते. टीमवर्कमध्ये सेट बिघडतो तो बहुधा इथे, आणि डोळ्याला 'काहीतरी चुकतंय' एवढंच जाणवतं.

दुसरी तपासणी मापाची. ४०० टक्के झूम करून काढलेलं सगळंच सुंदर दिसतं. १०० टक्क्यांवर या. छापायचं असेल तर कागदावर साधारण सहा मिलिमीटरचा प्रिंट काढा आणि हातभर लांब धरा. मोकळ्या जागा बुजलेल्या दिसल्या, तर अंतराचा नियम कुठेतरी मोडलाय.

तिसरी तपासणी माणसांची, आणि ती वर्गातल्या मित्रांवर करू नका. त्यांना तुम्ही काय काढताय ते ठाऊक असतं. स्टँडवर गाडीची वाट बघणारे काका, तुमची आजी, टपरीवरचा मुलगा, अशा पाच-सहा जणांना एकेक आयकॉन दाखवा. शब्द लिहिलेला नको. 'हा चहाचा ग्लास वाटतो का?' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. 'हे काय आहे?' असं विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. चिन्हं लोकांना कळतात का हे तपासायला आयएसओ ९१८६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचाही गाभा हाच, की न सुचवता अर्थ विचारायचा. चुकीची उत्तरं जपून ठेवा. दोघांनी 'कुलूप' म्हटलं, तर कुठली रेष परत आणायची हे तुम्हाला लगेच कळेल.

पहिल्या खेपेला सहाच वस्तू घ्या : ग्लास, डबा, रिक्षा, छत्री, बाकडं, पाण्याचा नळ. सहा नीट जमले की सातवा काढताना नियमांचा कागद बघावा लागत नाही. आणि तपासणीत टिकलेला एखादा आयकॉन लुसिडसारख्या खुल्या सेटकडे पाठवताही येतो. ते नवे आयकॉन स्वीकारतात, पण पाठवलेली प्रत्येक रेष त्यांच्या नियमांवर घासून बघतात. तेव्हा पाठवायच्या आधी `stroke-width` पुन्हा एकदा शोधाच.